प्रकल्प नोंदी: मेणबत्ती, बरणी आणि चढणारं पाणी

4 नोव्हेंबर 2024

काल भाऊबीज झाली. धाकटा भाऊ मुलांना घेऊन आठ-दहा दिवस वाईला माझ्याकडेच आहे, तेव्हा रखडलेला व्हिडिओ आता होईल. सुट्टी संपली की सहावीच्या वर्गात दाखवायचा आहे. लांबी सहा मिनिटं, प्रयोग एकच: परातीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास पालथा घालायचा. ज्योत विझते आणि पाणी ग्लासात वर चढतं. मेणबत्त्या दिवाळीतल्या उरलेल्या, रंगासाठी किसलेल्या बिटाचा रस. कॅमेरा म्हणजे भावाचा मोबाइल, पुस्तकांच्या चळतीवर टेकवलेला. कलाकार भाची, वय अकरा, आणि भाचा, वय आठ.

संहिता मी आधीच लिहून ठेवली होती. त्यातलं शेवटचं वाक्य असं: ‘मेणबत्तीने ऑक्सिजन वापरला, तेवढी जागा रिकामी झाली, म्हणून पाणी वर चढलं.’ मी शाळेत असताना हेच शिकले आणि पुढे वीस वर्षं हेच शिकवलं.

पहिली चाचणी घेतली. निकाल दिसण्याआधी दोघांनी भाकीत कागदावर लिहायचं, हा नियम. भाची: ‘ज्योत विझेल, पाणी तसंच राहील.’ भाचा: ‘पाणी उडेल.’ पाणी चढलं. ग्लासातला हवेचा स्तंभ 12 सेंमी होता आणि पाणी 2.4 सेंमी चढलं. म्हणजे बरोबर एक पंचमांश! हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के. मी खूश होऊन चहा टाकला.

चहा होईपर्यंत भाचा मोबाइलवर तेच चित्रण पुढे-मागे करून पाहत बसला होता. म्हणाला, “आत्या, मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी वर आलंच नाही. विझल्यावर आलं.”

मी पण पाहिलं. ग्लास टेकल्या टेकल्या कडेखालून दोन-तीन बुडबुडे बाहेर आले. मग ज्योत बारीक होत गेली आणि तोवर पाणी जवळजवळ होतं तिथेच. ज्योत मरायला लागली तशी पाण्याने उसळी घेतली, आणि पुढच्या काही सेकंदांत सगळी चढाई उरकली. ऑक्सिजन जळताना संपत असेल तर पाणी जळतानाच हळूहळू चढायला हवं. आणि आत जागा रिकामी होत होती, तर मग हवेचे बुडबुडे बाहेर कशाला पडतील?

संहिता बाजूला ठेवली आहे.

5 नोव्हेंबर

सकाळी भाऊ म्हणाला, “ताई, तीन मेणबत्त्या लावून बघ की. ऑक्सिजन तेवढाच आहे, पाणी पण तेवढंच चढायला पाहिजे.” कसोटी याहून सरळ काय असणार.

ग्लासात तीन मेणबत्त्या मावेनात म्हणून साखरेची रिकामी बरणी घेतली. सरळ बाजूंची, आत हवेचा स्तंभ 14 सेंमी. मेणबत्त्या वाढदिवसाच्या केकवर लावतात तशा बारीक, प्रत्येकी पाच सेंमी, ताटलीत वितळलेलं मेण टाकून त्यावर उभ्या केलेल्या. बरणी टेकल्यावर आतलं पाणी जिथे होतं तिथे मार्करने रेघ, आणि सगळं शांत झाल्यावर दुसरी रेघ.

भाकितं: भाचीने ‘तिन्ही वेळा सारखं’ असं लिहिलं आणि कारणही दिलं, ‘कारण बरणी तीच आहे.’ उत्तम कारण. भाच्याने लिहिलं, ‘तीनला जास्त, कारण जास्त आग.’ मी माझंही लिहिलं: सारखं. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय.

एका मेणबत्तीला 1.8 सेंमी, दोनला 2.7, तीनला 3.6. प्रत्येक प्रकार तीनदा केला. आकडे दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे होतात, क्रम बदलत नाही. आणि तीन मेणबत्त्यांचा आकडा तर डोळ्यांत भरणारा आहे. 14 सेंमीचे 21 टक्के म्हणजे जेमतेम 2.9 सेंमी. बरणीतला ऑक्सिजन शेवटच्या कणापर्यंत गायब झाला असता तरी पाणी 3.6 पर्यंत पोचलं नसतं.

मग कालचा तो नेमका पंचमांश? तेही उलगडलं, भाच्याच्या घाईमुळे. त्याने “मी सांगतो तेव्हा ठेव” म्हणून मला ग्लास ज्योतीवर धरून ठेवायला लावला आणि दहा आकडे मोजले. पाणी जास्त चढलं. झटकन ठेवला तर 1.3 सेंमी, दहा मोजून ठेवला तर 2.6. मेणबत्ती तीच, ग्लास तोच. काल मी ग्लास जपून, सावकाश उतरवला होता, एवढंच.

म्हणजे चढण ठरवते ती उष्णता. ग्लास खाली येताना त्यात तापलेली, फुगलेली हवा भरते आणि जास्तीची कडेखालून निघून जाते. ज्योत विझली की आत उरलेली हवा गार होऊन आक्रसते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि बाहेरची हवा परातीतल्या पाण्याला आत ढकलते. पाणी ‘ओढलं’ जात नाही, हे भाचीला दोनदा सांगावं लागलं. व्हिडिओतही दोनदा सांगावं लागेल.

6 नोव्हेंबर

ऑक्सिजनचा वाटा अगदीच शून्य आहे का, हे कागदावर मांडलं. मेणबत्ती बंद बरणीत सगळा ऑक्सिजन खात नाही. 21 टक्क्यांवरून तो 16 च्या आसपास आला की ज्योत तग धरत नाही. म्हणजे शंभर भागांतले पाचच भाग वापरले गेले. त्यांच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पॅराफिन मेणाचा हिशेब मांडला तर ऑक्सिजनच्या 38 रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे साधारण 25 रेणू परत मिळतात, म्हणजे पाचातले सव्वातीन भाग जागेवर आलेच. पाण्याची वाफ काचेवर दव होऊन बसते. निव्वळ घट उरली पावणेदोन भाग. 14 सेंमीच्या बरणीत अडीच मिलिमीटर. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो खरा, पण इतक्या थोड्या सेकंदांत फारसा नाही.

उष्णतेचा हिशेब: खोली 27 अंश, म्हणजे निरपेक्ष मापात 300. आतली हवा सरासरी 87 अंश, म्हणजे 360. ती परत 300 वर आली की तिचा सहावा हिस्सा आक्रसतो. सहावा आणि पाचवा हिस्सा डोळ्यांना सारखेच दिसतात. चुकीचं उत्तर इतकी वर्षं टिकलं ते याच जवळिकीमुळे असावं. हा प्रयोग तसा फार जुना आहे. बायझँटियमच्या फिलोने इसवी सनापूर्वीच तो लिहून ठेवला होता.

हे आकडे मुलांसाठी नाहीत. मुलांसाठी ज्योत नसलेला प्रयोग हवा: आग नाही, ऑक्सिजन वापरला जात नाही, तरी पाणी चढतं. बरणीत गरम पाणी भरायचं, तीस मोजायचे, ओतून टाकायचं आणि लगेच रंगीत पाण्यावर पालथी घालायची.

इथे माझा गाढवपणा नोंदवते. गॅसवरचं उकळतं पाणी थेट लोणच्याच्या जाड बरणीत ओतलं. ‘टक्’ असा आवाज झाला आणि बूड गोल कापल्यासारखं सुटून आलं. पाणी ओट्यावर, थोडं माझ्या पायावर. मुलं दाराशी होती म्हणून बरं. जाड काच जास्त भक्कम, असं आपण धरून चालतो. गरम पाण्याला उलट आहे: आतला थर झटक्यात फुगतो, बाहेरचा गारच राहतो, आणि काच जितकी जाड तितका हा ताण जास्त. पाय नळाखाली धरला, फोड आला नाही.

आता नियम: गॅसवरचं पाणी नाही, गिझरच्या नळाचं, आणि तेही मोठ्यांनीच ओतायचं. आधी कोमट पाण्याने बरणी विसळून घ्यायची. पातळ काचेच्या सरबताच्या ग्लासात असं केलं तर पाणी सेंटिमीटरभर चढतं. थोडं श्रेय आत राहिलेल्या वाफेच्या दवाला जातं. पण ज्योतीशिवाय पाणी चढतं, हा मुद्दा त्याने ढळत नाही.

7 नोव्हेंबर

सुरक्षिततेच्या सूचना कुठे घालायच्या यावरून भावाशी वाद. त्याचं म्हणणं, सुरुवातीलाच एक पाटी: केस बांधा, मोठ्यांना बोलवा, वगैरे. मी म्हटलं, तू स्वतः अशी पाटी कधी वाचलीस? मुलं तर पहिली वीस सेकंदं पुढेच ढकलतात.

ठरलं असं की जी कृती धोक्याची, तिच्या लगेच आधी तिचीच सूचना, एकाच वाक्यात. काडी ओढण्याआधी: ‘ओढणी काढून ठेव, केस मागे बांध, बाह्या वर.’ (भाचीने दिवाळीचा घोळदार नायलॉनचा फ्रॉक घातला होता. बदलायला लावला. नायलॉन पेटलं की वितळून कातडीला चिकटतं.) काडी विझवताना: ‘काडी परातीतल्या पाण्यात.’ ग्लास उचलण्याआधी: ‘शंभर मोज. ग्लासाचं बूड अजून तापलेलं आहे.’ हातावर सॅनिटायझर लावलेलं असेल तर आधी हात धुवून पुसायचे, हेही एका वाक्यात आलं. कोविडपासून अनेक घरांत बाटली ओट्यावरच असते.

आणि एक खूण. काडी ओढणं, पेटत्या ज्योतीवर ग्लास उतरवणं, गरम पाणी ओतणं या तीन कामांत चौकटीत फक्त माझा हात दिसेल, हिरव्या बांगड्यांचा. भाची सुरुवातीला सांगते, “बांगड्यांचा हात दिसला की ते काम मोठ्यांचं.” मेण चिकटवणं, रेघ मारणं, मोजणं, रंग कालवणं ही कामं मुलांच्या हातांनी. भावाने विचारलं, बाबा करत असतील तर? मग त्यांनी घड्याळ घालावं. तेही वाक्य ठेवलं.

8 नोव्हेंबर

वर्गात कोणीतरी विचारणारच: मग ऑक्सिजन पंचमांश आहे हे खरं कशावरून? त्यासाठी गंज. लोखंड गंजताना ऑक्सिजन खातं आणि बदल्यात कुठलाही वायू देत नाही. आणि हे इतकं सावकाश होतं की उष्णतेचा घोळ राहत नाही.

भांडी घासायची तारेची घासणी ओली करून बरणीच्या तळाशी कोंबली आणि बरणी पाण्यावर पालथी घातली. रात्रभर काही नाही, दुसऱ्या रात्रीही नाही (ही तयारी 6 तारखेपासूनच चालू होती). घासणी न गंजणाऱ्या पोलादाची निघाली. चुंबक लावून ओळखता येईल असं वाटलं होतं, पण चुंबक तिलाही चिकटतो. एकच खरी खूण: तुकडा ओला करून रात्रभर बशीत ठेवायचा. सकाळी बशीत तांबडा डाग नसेल तर तो निरुपयोगी.

हार्डवेअरच्या दुकानात पॉलिशवाले वापरतात ते बारीक ‘स्टील वूल’ मिळालं. ते खरं लोखंड. त्यावर तेलाचा हात असतो, म्हणून दोन-तीन मिनिटं व्हिनेगरमध्ये बुडवून घट्ट पिळायचं. पिळणं महत्त्वाचं: जास्तीचं व्हिनेगर राहिलं तर ते लोखंडाशी मिळून थोडा हायड्रोजन सोडतं आणि हिशेब बिघडतो. तार बोटात घुसते, म्हणून रबरी हातमोजे. आणि व्हिनेगरचा हात डोळ्याला लावायचा नाही. या दोन सूचना भाच्याच्या आवाजात घेतल्या, कारण त्याने दोन्ही चुका आजच करून पाहिल्या आहेत.

सकाळी आठला बरणी लावली.

9 नोव्हेंबर

सकाळी आठला पाणी 2.8 सेंमी वर. 14 सेंमीचा बरोबर पंचमांश. या वेळी चहा टाकायच्या आधी शंका घेतली. दुपारी दोनला पाहिलं तर पाणी चार मिलिमीटर खाली उतरलेलं! भाचा म्हणाला, “गंज परत हवा सोडतोय.” तसं नाही, सकाळी खोली 19 अंश होती, दुपारी 27. आठ अंशांच्या फरकाने हवा पावणेतीन टक्के फुगते, आणि उरलेल्या अकरा सेंमी हवेत ते तीन मिलिमीटर होतात. बाकीचा एक मिलिमीटर माझ्या जाड मार्करचा. म्हणून आता रेघ नेहमी सकाळी आठला.

10 नोव्हेंबर

आठ वाजता पाणी कालच्याच रेघेवर. लोखंडाची बरीच तार अजून काळी आहे, म्हणजे लोखंड संपलेलं नाही. संपला तो ऑक्सिजन. हे दोन दिवस व्हिडिओत वीस सेकंदांचे होतील: रेघ, रात्र, रेघ, रात्र, तीच रेघ.

भाकितांच्या थांब्याचं काम आज केलं. हार्वर्डमध्ये 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की भौतिकशास्त्राचं प्रात्यक्षिक नुसतं पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना ते न पाहिलेल्यांपेक्षा फारसं जास्त समजत नाही. निकालाआधी भाकीत करणाऱ्यांना समजतं. आमच्या कच्च्या व्हिडिओत थांबा पाच सेकंदांचा होता. भाचीला पेन उघडायलाच तेवढी लागली. पंधरा केला, शिवाय ‘आता व्हिडिओ थांबव’ अशी पाटी. पर्याय तीन: कमी, तेवढंच, जास्त. आणि खाली एक ओळ, ‘कारण...’, कारण नुसतं ‘जास्त’ लिहिणारा तीनपैकी एकदा नशिबाने बरोबर येतोच.

निकाल आधी फुटण्याच्या जागा मोजल्या तर चार निघाल्या. तीन मेणबत्त्यांच्या दृश्यात मागे ओट्यावर आधीच्या चाचणीची, रेघा मारलेली बरणी उभी होती. एका ठिकाणी भाचा ग्लास टेकायच्या आधीच “आता बघा हं!” असं ओरडतो. थंबनेलवर चढलेलं पाणी होतं. आणि शीर्षकच मुळी ‘पाणी वर का चढतं?’ असं. आता शीर्षक ‘बरणीखाली मेणबत्ती: तुझा अंदाज काय?’ आणि थंबनेलवर ग्लास अजून हवेत आहे.

12 नोव्हेंबर

गल्लीतल्या सात मुलांना दाखवला. एक मेणबत्ती विरुद्ध तीन, या थांब्याला पाच जणांनी ‘तेवढंच’ लिहिलं, दोघांनी ‘जास्त’. ज्या पाचांनी ‘तेवढंच’ लिहिलं त्यांतल्या चौघांचं कारण ऑक्सिजन हेच. म्हणजे व्हिडिओ नेमक्या ठिकाणी बोट ठेवतो आहे. पण गरम पाण्याच्या ग्लासाआधीच्या थांब्याला सातही जणांनी ‘चढेल’ लिहिलं. हा थांबा फुकट गेला, कारण स्पष्टीकरण मी आधीच देऊन टाकलं होतं. क्रम बदलला: आधी गरम पाण्याचा ग्लास, मग मेणबत्त्या, आणि स्पष्टीकरण दोन्हींनंतर. वाढलेल्या चाळीस सेकंदांसाठी परात आणि बिटाची ओळख कापली.

शेवटी एका मुलीने विचारलं, “टीचर, तीन मेणबत्त्या लहान-मोठ्या असतील तर आधी कुठली विझेल?”

नियम म्हणजे नियम, सगळ्यांनी लिहिलं. मी लिहिलं: ‘ठेंगणी. कारण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी साचेल.’ तीन, पाच आणि आठ सेंमीच्या मेणबत्त्या लावल्या आणि मोठी बरणी घातली. आठ सेंमीची पहिल्यांदा विझली, मग पाचची, ठेंगणी सर्वांत शेवटी. ज्योतीतून निघणारा वायू जड असला तरी तापलेला असतो, म्हणून आधी छताला जाऊन साठतो आणि तिथून खाली उतरत येतो. बरणी गार होईपर्यंत जडपणाला वावच मिळत नाही.

हा पुढचा व्हिडिओ. माझा भाकिताचा कागद भाच्याने फ्रिजवर चुंबकाने लावला आहे, आणि काढू देत नाही.